सहीच्या आधीचे वाचन

पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात दाखल होताना त्यासोबत दोन कागद असतात. एकावर संशोधक विद्यार्थी लिहून देतो की हे लेखन त्याचे स्वतःचे आहे, मान्यताप्राप्त संगणकप्रणालीतून तपासलेले आहे आणि त्यात वाङ्मयचौर्य नाही. दुसऱ्यावर मार्गदर्शक प्रमाणित करतात की आपल्या देखरेखीखाली झालेले हे काम वाङ्मयचौर्यमुक्त आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी हे दोन्ही कागद अनिवार्य केले. पहिल्या कागदाची चर्चा पुष्कळ होते, दुसऱ्याची जवळजवळ होत नाही. वास्तविक मार्गदर्शकाची सही हे ज्ञानावर आधारलेले विधान आहे. जे वाचलेच नाही त्याविषयी प्रमाणपत्र देता येत नाही, आणि जे शेवटच्या आठवड्यात घाईने चाळले त्याविषयीही देता येत नाही.

याच विनियमांत एक तरतूद अशी आहे की प्रत्येक शोधनिबंधाची व प्रबंधाची तपासणी तो पुढे पाठवताना वा दाखल करताना व्हावी, याची व्यवस्था संस्थांनी करावी. कायद्याच्या दृष्टीने हा किमान दंडक आहे. देशातील बहुसंख्य विभागांनी मात्र तोच कमाल दंडक मानला. परिणामी प्रबंध पूर्ण होतो, मुखपृष्ठाचा मजकूर ठरतो, ग्रंथालयात फाइल जाते आणि साम्याचा अहवाल हाती येतो तेव्हा मार्गदर्शक व विद्यार्थी दोघेही तो आकडा प्रथमच पाहत असतात. दोष उघड होण्याची ही सर्वांत महाग वेळ आहे.

किती महाग, हे विनियमांतील श्रेणींवरून कळते. वगळण्याजोगा मजकूर वगळून उरणारे साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सुधारित प्रबंध ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, पुन्हा सादर करावा लागतो. चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई होते. साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. नेट उत्तीर्ण होऊन मिळणारी शिष्यवृत्ती कनिष्ठ व वरिष्ठ टप्पे मिळून पाच वर्षांची असते. त्यामुळे पाचव्या वर्षाच्या अखेरीस प्रबंध परत आला, तर पुढील सहा महिने विद्यार्थ्याला वेतनाविना, बहुधा वसतिगृहातील खोलीविना काढावे लागतात. अशा वेळी दुरुस्ती शास्त्राच्या अंगाने होत नाही, ती आकडा उतरवण्यासाठी होते.

येथे एक उदाहरण तपशिलाने पाहणे उपयोगी ठरेल. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील प्रत्येक घटक रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ओळखीचा आहे. विषय असा धरू : सक्रिय अॅल्युमिनावर आधारित शोषकाने भूजलातील फ्लोराइड काढणे. राजस्थानपासून तेलंगणापर्यंत अनेक जिल्ह्यांचा हा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम. प्रबंध पन्नास हजार शब्दांचा आहे. त्यात पूर्वसंशोधनाचा आढावा बारा हजार, साहित्य व पद्धती आठ हजार, निरीक्षणे व चर्चा सव्वीस हजार आणि समारोप चार हजार शब्दांचा.

संदर्भसूची, प्रमाणित संज्ञा आणि अवतरणचिन्हांतील श्रेयनिर्देशासह दिलेला मजकूर वगळल्यावर आढाव्यात पंचवीस टक्के, पद्धतीच्या प्रकरणात तीस टक्के, निरीक्षणांत चार टक्के आणि समारोपात तीन टक्के साम्य आहे असे समजू. शब्दांत मोजले तर अनुक्रमे ३,०००, २,४००, १,०४० आणि १२०, म्हणजे एकूण ६,५६०. पन्नास हजारांच्या तुलनेत हे सुमारे १३ टक्के होते. प्रबंध पहिल्या दंडश्रेणीत जातो आणि परत येतो. आता हाच प्रबंध कोणताही दोष न सुधारता, निव्वळ वीस हजार शब्दांची नवी परिशिष्टे जोडून पाठवला तर? ६,५६० शब्द आता सत्तर हजारांतील झाले. साम्य साडेनऊ टक्क्यांच्याही खाली आले, आणि प्रबंध निर्दोष ठरला. एक वाक्यही बदललेले नाही.

म्हणूनच संपूर्ण प्रबंधाचा एकच आकडा मार्गदर्शकाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतो. सरासरीत आजारी प्रकरण निरोगी प्रकरणांच्या आड लपते. तेच प्रकरण दुसऱ्या वर्षी एकटे तपासले असते, तर तीस टक्के हा आकडा लपायला जागाच नव्हती. शिवाय गोषवारा, गृहीतक, निरीक्षणे, निकाल, निष्कर्ष व शिफारशी यांत मूळ विचारच असावा, साम्य असू नये, अशी अपेक्षा विनियमांच्या टिपेत स्पष्ट आहे. सामान्य ज्ञान आणि योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे एवढीच त्यातून सूट आहे. त्यामुळे निरीक्षणांच्या प्रकरणातील चार टक्के हे आढाव्यातील पंचवीस टक्क्यांपेक्षा अधिक गंभीर असू शकतात. ते कुठून आले, हे सरासरी सांगत नाही.

आता आढाव्यातील त्या तीन हजार शब्दांकडे पाहू. अहवाल टक्केवारीने न वाचता स्रोतानुसार वाचला की चित्र पालटते. सहाशे शब्द विखुरलेले आहेत. चार शब्द इथे, नऊ शब्द तिथे, साठ वेगवेगळ्या स्रोतांशी जुळणारे. ही त्या विषयाची बोलीच असते, तिच्याविषयी काळजीचे कारण नाही. दीड हजार शब्द एकाच आढावालेखाशी जुळतात, आणि तेही त्याच क्रमाने. मूळ लेखात जे पाच परिच्छेद एकापाठोपाठ आहेत तेच इथे पाच परिच्छेद आहेत, फक्त काही क्रियापदे बदललेली. प्रत्येक परिच्छेदाखाली संदर्भ दिलेला आहे, पण तो त्या आढावालेखाचा नाही. त्या लेखाने उल्लेखिलेल्या मूळ निबंधांचे संदर्भ तसेच उचलले आहेत. याचा अर्थ विद्यार्थ्याने ते मूळ निबंध वाचलेले नाहीत. उरलेले नऊशे शब्द त्याच प्रयोगशाळेतील ज्येष्ठ संशोधकाच्या, शोधगंगेवर उपलब्ध असलेल्या प्रबंधातले आहेत.

एका आकड्याच्या पोटात तीन वेगळ्या गोष्टी होत्या आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिलीला उपायच नको. दुसरीचा उपाय म्हणजे मूळ निबंध आणून वाचणे. त्याला दोनतीन महिने लागतात, दुसऱ्या वर्षी ते उपलब्ध असतात, पाचव्या वर्षी नसतात. तिसरीचा उपाय ज्येष्ठाला श्रेय देणे आणि तो मजकूर आपल्या कामाला खरोखर लागू पडतो का हे पाहणे.

हे लवकरच का करायचे, याचे एक कारण वेळेच्या हिशेबापलीकडचे आहे. विद्यार्थी चोरी ठरवून करतो असे सहसा घडत नाही. पहिल्या वर्षी तो वाचत असतो आणि वाचताना उपयुक्त वाक्ये आपल्या टिपणांच्या फाइलीत उतरवत असतो. अवतरणचिन्हे घालण्याची सवय नसते. दोन वर्षांनी तीच फाइल उघडून तो आढावा लिहू लागतो तेव्हा कोणते वाक्य आपले आणि कोणते परक्याचे हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. इंग्रजी ही ज्यांची शिक्षणाची भाषा उशिरा झाली, त्यांच्या बाबतीत आणखी एक भीती असते : आपले वाक्य ओबडधोबड, छापलेले वाक्य नेटके, मग नेटकेच ठेवावे. पहिले प्रकरण लिहून होताच मार्गदर्शकाने ते तपासले तर टिपणांची फाइल अजून ताजी असते, आठवण शाबूत असते आणि सवय मोडता येते. पाचव्या वर्षी सवय पाचही प्रकरणांत उतरलेली असते.

पद्धतीच्या प्रकरणात मात्र गोष्ट नीतीची न राहता थेट शास्त्राची होते. उदाहरणातील विद्यार्थ्याने हे प्रकरण ज्येष्ठाच्या प्रबंधावर बेतले आहे. पद्धत तीच, उपकरणे तीच, मग वाक्ये वेगळी का लिहायची, असा त्याचा साधा तर्क. ज्येष्ठाने फ्लोराइड मोजण्यासाठी एसपीएडीएनएस हे रंगद्रव्य वापरले होते. त्याचे मापन वर्णमापीवर ५७० नॅनोमीटरला होते. विद्यार्थ्याच्या प्रकरणातही तेच लिहिले आहे. त्याच्या प्रयोगवहीत मात्र सगळ्या नोंदी मिलिव्होल्टमध्ये आहेत. म्हणजे प्रत्यक्षात त्याने फ्लोराइड-निवडक इलेक्ट्रोड वापरला आणि नमुन्यात आयनिक बल व सामू स्थिर ठेवणारे टिसॅब हे द्रावण मिसळले. दरम्यानच्या काळात प्रयोगशाळेची पद्धत बदलली होती, उतरवलेली वाक्ये बदलली नव्हती.

फरक वरवर किरकोळ दिसतो, पण बहिःस्थ परीक्षकाच्या नजरेतून पाहावे. शोषक अॅल्युमिनाचा आहे. त्यातून थोडे अॅल्युमिनियम पाण्यात उतरू शकते. अॅल्युमिनियम फ्लोराइडला बांधून ठेवते, आणि एसपीएडीएनएस पद्धतीत त्यामुळे फ्लोराइड असते त्यापेक्षा कमी दिसते. म्हणजे प्रबंधात लिहिलेली पद्धत खरी मानली तर शोषकाची उत्तम कामगिरी हा मोजमापाचा भास असू शकतो. परीक्षक हाच प्रश्न विचारील आणि तो रास्त असेल. इलेक्ट्रोड व टिसॅब यांच्या पद्धतीत ही अडचण बरीच कमी होते, कारण टिसॅबमधील संयुग्मकारक अॅल्युमिनियमला पकडून फ्लोराइड मोकळे करतो. विद्यार्थ्याने काम योग्य केले होते. उतरवलेल्या परिच्छेदाने ते अयोग्य ठरवले.

साम्यतपासणीची प्रणाली हा दोष दाखवू शकत नाही. ती फक्त एवढे सांगते की अमुक परिच्छेद अमुक प्रबंधाशी जुळतो. त्यावर विद्यार्थ्याने शब्द बदलले, कर्तरी वाक्ये कर्मणी केली, तर साम्य तीसवरून पाचवर येईल आणि चूक जशीच्या तशी राहील. उलट आता ती पकडणेही अवघड होईल, कारण इशाऱ्याचा लाल रंग गेलेला असेल. हा दोष फक्त एकाच व्यक्तीच्या लक्षात येऊ शकतो : जिने प्रकरण वाचले आहे, प्रयोगवही पाहिली आहे आणि प्रयोगशाळेत कोणते उपकरण केव्हा आले हे जिला ठाऊक आहे. ती व्यक्ती म्हणजे मार्गदर्शक. ग्रंथपाल नव्हे, विभागीय समिती नव्हे, परीक्षकही नव्हे.

म्हणून लवकर तपासणी म्हणजे लवकर अहवाल काढणे नव्हे. अहवाल ही वाचनाची सुरुवात आहे. मार्गदर्शकाने लाल झालेल्या प्रत्येक सलग परिच्छेदाशी थांबून विचारायचे असते : हे वाक्य इथे का आले, आणि ते आपल्या प्रयोगाबाबत खरे आहे का? मग प्रयोगवही उघडून दोनतीन आकडे ताडून पाहायचे. आलेखात दहा मिलिग्रॅमपासून सुरुवात करून ९२ टक्के फ्लोराइड निघाल्याचे दाखवले असेल, तर लिटरला ०.८ मिलिग्रॅम शिल्लक राहिल्याची नोंद वहीत त्या तारखेला असली पाहिजे. हे ताडून पाहायला अर्धा तास लागतो. पण उद्या आकड्यांवर आक्षेप आला तर हाच अर्धा तास प्रमाणपत्रामागे उभा राहतो.

यासाठी नव्या समितीची गरज नाही. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार विद्यार्थी प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे कामाची प्रगती मांडतो आणि संक्षिप्त अहवाल देतो. त्या सादरीकरणाच्या आधी, लिहून झालेले प्रकरण मार्गदर्शकाने तपासावे आणि कोणते दोष दिसले, कोणते दुरुस्त झाले याचे तारखेसह अर्ध्या पानाचे टिपण ठेवावे. असे टिपण विद्यार्थ्याचे रक्षण करते आणि मार्गदर्शकाचेही. एक तांत्रिक खबरदारी मात्र आवश्यक आहे. मसुदा तपासताना तो प्रणालीच्या भांडारात साठवला जाणार नाही, असा पर्याय निवडावा. अन्यथा अंतिम प्रबंध स्वतःच्याच मसुद्याशी जवळजवळ पूर्ण जुळतो आणि निष्कारण खुलासे देत बसावे लागते. विद्यार्थ्याचे स्वतःचे प्रकाशित निबंध प्रबंधात समाविष्ट असतील तर तेही आधीच नोंदवून, योग्य निर्देशासह वापरावेत. स्वतःचा मजकूर निर्देशाविना पुन्हा नवा म्हणून मांडणे स्वीकारार्ह नाही, हे आयोगाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

या आग्रहावर पहिला आक्षेप मार्गदर्शकाच्या व्यापाचा घेतला जातो. हिशेब करून पाहावा. नियमानुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ विद्यार्थी असू शकतात, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. आठ विद्यार्थी, प्रत्येकाची पाच प्रकरणे, आणि ती चार वर्षांत लिहिली जातात असे धरले, तर वर्षाला दहा प्रकरणे होतात. महिन्याला एकही पूर्ण प्रकरण नाही. ज्यांना एवढेही शक्य नाही त्यांनी आठवा विद्यार्थी घेऊ नये, हेच उत्तर आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. कच्च्या मसुद्यावर चौर्याची छाया पडली तर नवशिक्या संशोधकाचा हात आखडेल, असे म्हटले जाते. ही भीती खरी ठरू शकते, पण ती तपासणीमुळे नव्हे, तपासणीच्या रीतीमुळे. मसुद्याचा अहवाल मार्गदर्शक व विद्यार्थी यांच्यातच राहावा, त्यावरून कोणतीही कारवाई होऊ नये आणि पहिल्या बैठकीत टक्केवारीचा उच्चारही होऊ नये. बोलायचे ते वाक्यांविषयी. ओबडधोबड पण स्वतःचे वाक्य मार्गदर्शकाने स्वीकारले, हे एकदा दिसले की उसन्या वाक्याचा मोह निम्मा ओसरतो. याउलट ‘दहाच्या खाली आणून दे’ एवढेच सांगून प्रकरण परत करणारा मार्गदर्शक विद्यार्थ्याला संशोधन शिकवत नाही, तो त्याला लपवणे शिकवतो.

लवकर तपासणीलाही मर्यादा आहेत. दुसऱ्या भाषेतून अनुवादित केलेला मजकूर प्रणालीच्या हाती सहसा लागत नाही. आलेख, छायाचित्रे आणि आकडे यांतील फेरफार शब्दांच्या तुलनेतून कळत नाहीत. शेवटच्या महिन्यात घाईने लिहिलेला समारोप आधीच्या कोणत्याच टप्प्यात आलेला नसतो. म्हणून अंतिम तपासणी टळत नाही. पण तिचे काम तेवढ्यापुरते असावे. तिथे नवे काही सापडू नये, सापडलेच तर ते किरकोळ असावे.

विनियमांतील एक विषमता इथे नोंदवली पाहिजे. प्रबंधासाठीची श्रेणीबद्ध शिक्षा विद्यार्थ्याला आहे. पदवी मिळाल्यानंतर चौर्य सिद्ध झाले तर पदवी स्थगित ठेवण्याची तरतूदही त्याच्याच विरुद्ध आहे. शिक्षकांसाठी वेतनवाढ रोखणे किंवा नवे विद्यार्थी घेण्यास मनाई करणे यांसारखे जे दंड आहेत ते प्रकाशनांतील चौर्यासाठी आहेत. मार्गदर्शकाने ज्याला निर्दोष म्हणून प्रमाणित केले तो प्रबंध सदोष निघाला, तर त्या प्रमाणपत्राची किंमत काय, याची अशी पायरीवार मांडणी नाही. जोखीम सारी एका बाजूला आणि देखरेखीचा अधिकार दुसऱ्या बाजूला, अशा व्यवस्थेत वाचन मागे पडते यात नवल नाही.

वरच्या नावाची जबाबदारी कशी अंगावर येते याचा धडा भारतीय विज्ञानविश्वाला जुना आहे. २००२ मध्ये कुमाऊँ विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंच्या आणि एका विद्यार्थ्याच्या नावे प्रसिद्ध झालेला सैद्धांतिक भौतिकीतील निबंध स्टॅनफोर्डच्या रेनाटा कॅलोश यांच्या १९९६ च्या निबंधावरून उतरवलेला असल्याचे उघड झाले. परदेशी शास्त्रज्ञांनी थेट राष्ट्रपती अब्दुल कलाम यांना पत्र लिहिले, चौकशी झाली आणि कुलगुरूंना पद सोडावे लागले. मजकूर विद्यार्थ्याने लिहिला होता, हा बचाव कामी आला नाही. ज्येष्ठाने सही केली म्हणजे ज्येष्ठाने वाचले, हेच वाचकाने गृहीत धरलेले असते आणि ते योग्यच आहे.

प्रबंधाच्या बाबतीतही हेच गृहीतक आहे. पदवी दिल्यानंतर महिनाभरात त्याची प्रत शोधगंगेवर जाणे अपेक्षित आहे. तिथे ती कोणालाही, कधीही उघडता येते. उदाहरणातला विद्यार्थी ज्येष्ठाच्या प्रबंधातून पद्धतीचे प्रकरण उतरवतो, तसाच उद्या कुणीतरी त्याचे उतरवील, आणि एसपीएडीएनएसचा तो परिच्छेद तिसऱ्या पिढीत जाईल. ती साखळी दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या दुपारी, एक प्रकरण आणि एक प्रयोगवही शेजारी ठेवून तोडता येते. प्रमाणपत्रावरची सही त्या दुपारीच कमवायची असते.